घर अर्धं माझं, तरी

"घरात तुझाही अर्धा वाटा आहे ना, मग स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी काय वावरतेस?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी एक स्पष्ट करते, मला घरात कुणी त्रास देत नाही. उलट वहिनी फार नीट वागते. पोळ्या लाटायला उठले की "ताई, तुम्ही बसा, दमून आला असाल" असं म्हणून लाटणं हातातून काढून घेते. रोज संध्याकाळी कुणी असं आग्रहानं बसवलं की माणूस बसायलाच शिकतो. मग भूक लागली तरी डबे उघडत नाही, "काही खायला आहे का गं?" असं विचारतो. हा प्रश्न पाहुण्याचा आहे, हे मला विचारून झाल्यावर कळतं.

डोंबिवलीतला हा वन बीएचके बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतला. मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यामुळे बाबा गेल्यावर आई, दादा आणि मी असे तीन सारखे वारस झालो. पुढे आईही मृत्युपत्र न करता गेली, तिचा हिस्सा आम्हा दोघांत आला. झाला अर्धा-अर्धा. सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव होतं, म्हणून बरीच वर्षं नातेवाईक घर त्याचंच समजत. नॉमिनीमुळे सोसायटीला पत्रव्यवहाराला एक माणूस मिळतो, मालकी वारसांचीच राहते. शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवून घ्यायला तेवढे खेटे घातले.

पण नाव चढलं म्हणून काय मिळालं? अर्धा हिस्सा म्हणजे अर्धं घर नव्हे. वाटणी होत नाही तोवर तो अविभक्त हिस्सा. म्हणजे प्रत्येक फरशी दोघांची, आणि एकही फरशी फक्त माझी नाही. बेडरूम दादा-वहिनीची, हॉलमध्ये पुतण्याचा अभ्यास. माझा दिवाण हॉलमध्येच, त्यामुळे टीव्ही बंद होईल तेव्हा माझी रात्र सुरू होते. कोर्टात वाटणीचा दावा लावता येतो, पण वन बीएचके मधोमध कसा कापणार? अशा वेळी, निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्यानं मागितलं तर, कोर्ट घर विकून पैसे वाटायला सांगू शकतं. १८९३ चाच कायदा आहे. दुसऱ्याला घर जाऊ द्यायचं नसेल तर ठरलेल्या किमतीला तो मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेऊ शकतो. दादाकडे तेवढे पैसे नाहीत आणि मला भावाला बेघर करायचं नाही. म्हणजे हक्क आहे तो घर मोडण्याचा. स्वयंपाकघरात मोकळेपणानं फोडणी देण्याचा हक्क कुठलं कोर्ट देणार!

पैसे भरून बघितलं. लाइटबिल निम्मं, मेंटेनन्स निम्मा, किराणा निम्मा. मिक्सर बिघडला तेव्हा नवा मीच आणला. वहिनीनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवला आणि जुनाच दुरुस्त करून आणला. "ताईंचा मिक्सर आहे, खराब व्हायला नको." यात कुत्सितपणा नव्हता हो. पाहुण्यानं आणलेली वस्तू आपण जशी जपतो, तशी तिनं जपली.

आणि तिची बाजू मला दिसत नाही असं नाही. कुठल्याच कागदावर तिचं नाव नाही. नवरा हयात असताना सासऱ्यांच्या घरात सुनेला वारसा नसतो. पण पाणी किती वाजता जातं, तुरडाळ कुठल्या डब्यात, गॅसवाल्याला फोन कधी करायचा, हे सगळं तिच्या हातात. आईच्या हाताखाली विचारून विचारून तिनं हे घर मिळवलंय. माझ्या नोकरीची वर्षं लोकलमध्ये गेली, तिची ओट्यापाशी. कागद माझ्याकडे, घर तिच्याकडे.

मध्यंतरी दादानं हक्कसोडपत्राचा विषय काढला. "नुसती सही करून टाक, तू कुठे जाणारेस, इथेच तर राहायचंय." नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र झालं की माझा हिस्सा संपला, पुढे मी राहणार ते त्याच्या परवानगीनं. आज वाटतं ते तेव्हा खरंच होईल. मी नाही म्हटलं. दादा गप्प झाला. वहिनी मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मीसुद्धा केली नसती."

त्यानंतर मी तिच्याकडे बुधवार मागितला. त्या दिवशी स्वयंपाक माझा, बाजारहाट माझा, आणि तिनं आत यायचं नाही. पहिल्यांदा आमटी खारट झाली, कुणी बोललं नाही, तेही पाहुण्यासारखंच. आता पुतण्या तोंडावर नावं ठेवतो. मिक्सर खाली आला आहे.

इमारत जुनी आहे, पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू झाल्यात. करारावर आम्हा दोघांच्या सह्या लागतील. एका घराच्या जागी लहान का होईना, पण दोन दारं मिळतात का, ते बिल्डरला पहिल्याच मीटिंगमध्ये विचारायचं असं मी आणि वहिनीनं ठरवलंय. दादाला अजून सांगितलेलं नाही.