माल उधारीवर, भाडं रोख: एका खरेदीच्या नोंदी

गेल्या वर्षी काकांच्या सांगलीतल्या हार्डवेअरच्या दुकानाची कीर्द माझ्याकडे आली. विक्रीच्या नोंदी लगेच बसल्या. मला खरा वेळ द्यावा लागला तो पुण्याहून येणाऱ्या मालाच्या खरेदीला. माल एकाच गाडीतून उतरतो, पण हिशोबात त्याचे दोन धनी असतात. मालाचे पैसे डीलरला उधारीने द्यायचे असतात, भाडं मात्र ट्रान्सपोर्टवाल्याला तिथल्या तिथे रोख. दोघांचे कागद वेगळे, कर वेगळा आणि तो भरायचा रस्ताही वेगळा.

फेब्रुवारीतली एक खरेदी आकड्यांसकट सांगतो. पीव्हीसी पाइपचे २०० नग, दर ४०० रुपये, म्हणजे माल ८०,००० चा. डीलर महाराष्ट्रातलाच, त्यामुळे बिलात ९ टक्के सीजीएसटी ७,२०० आणि ९ टक्के एसजीएसटी ७,२००. बिलाची बेरीज ९४,४००. गाडीसोबत बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती आली, तिच्यावर ‘टू पे’, म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं, आणि भाडं ४,०००. काकांनी ते रोख दिलं आणि बिल्टीवरच पोच घेतली.

पहिली नोंद मालाची, ती टॅलीत एफ९ दाबून खरेदी व्हाउचरमध्ये:

खरेदी खाते नावे ८०,०००
इनपुट सीजीएसटी खाते नावे ७,२००
इनपुट एसजीएसटी खाते नावे ७,२००
डीलरचे खाते जमा ९४,४००

कर खरेदी खात्यात मिसळायचा नाही, कारण तो आपला खर्चच नाही. विक्रीवरच्या करातून तो वळता होणार आहे, तोवर ते आपलं येणं आहे. डीलरच्या खात्यावर मात्र करासकट पूर्ण रक्कम जमा होते, कारण तेवढी त्याला द्यायची आहे.

दुसरी नोंद भाड्याची:

आवक वाहतूक खर्च खाते नावे ४,०००
रोख खाते जमा ४,०००

इथे मी सर्वांत जास्त थांबलो. आधीच्या कीर्दीत अशी भाडी कधी डीलरच्या खात्यावर पडलेली दिसत होती, कधी किरकोळ खर्चात. डीलरच्या खात्यावर भाडं कधी टाकायचं, याची एकच कसोटी आहे: ते सोसायचं कोणी ठरलं होतं? माल दुकानपोच द्यायचा डीलरचा शब्द असेल आणि गाडी अडू नये म्हणून आपण पैसे मोजले असतील, तर ते ४,००० डीलरच्या खाती नावे पडतात आणि त्याचं देणं तेवढं कमी होतं. आमच्या ऑर्डरवर ‘भाडे खरेदीदाराकडे’ असं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून खर्च आमचा. हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे डीलरकडून त्याचा खातेउतारा मागवणं. त्याच्याकडे येणं ९४,४०० आणि आपल्याकडे देणं ९०,४०० किंवा ९८,४०० दिसलं, तर फरकाच्या त्या ४,००० मध्ये भाडंच लपलेलं असतं. डीलरने स्वतःच्या बिलातच भाडं लावलं असतं तर प्रकार आणखी वेगळा. मग ते मालाच्या किमतीचा भाग होऊन त्याच्यावर मालाच्याच दराने, १८ टक्के, कर लागला असता आणि पुढची सगळी भानगड उरली नसती.

ही भानगड म्हणजे आरसीएम, रिव्हर्स चार्ज: कर सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा. बिल्टीवर जीएसटी नंबर नव्हता, आणि दुकानात समज असा की नंबर नाही म्हणजे कर नाही. सीए मॅडमनी बिल्टी हातात घेऊन उलटं सांगितलं. “नंबर नाही याचा अर्थ हा कर त्यांनी नाही, तुम्ही भरायचा. बिल्टी फाडून माल नेणारा ट्रान्सपोर्टवाला असेल आणि भाडं देणारा जीएसटीत नोंदलेला असेल, तर ५ टक्के तुमच्या माथी.” नुसता टेम्पो सांगून माल आणला, बिल्टीच नाही, तर त्या भाड्यावर कर नाही. ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतः कर भरायचा पर्याय घेऊन बिलात तो लावला असेल, तरी आपल्याला आरसीएम नाही. म्हणून भाड्याचा कागद हातात आला की मी आधी बघतो की ती बिल्टी आहे का आणि तिच्यावर कर लावलाय का.

तिसरी नोंद त्यामुळे जर्नलमध्ये, एफ७:

इनपुट सीजीएसटी (आरसीएम) नावे १००
इनपुट एसजीएसटी (आरसीएम) नावे १००
देय सीजीएसटी (आरसीएम) जमा १००
देय एसजीएसटी (आरसीएम) जमा १००

दोन्ही बाजू सारख्या, मग हा खटाटोप कशाला, असं काकांनी विचारलं. कारण हे २०० रुपये खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत. इनपुटचे १४,४०० पडून असले तरी आरसीएमचा कर चलन काढून रोखीनेच भरावा लागतो. तो भरला की देय खाती नावे, बँक जमा. जीएसटीच्या 3B रिटर्नमध्ये भाडं आणि कर 3.1(d) मध्ये जातो आणि तेवढंच क्रेडिट 4(A)(3) मध्ये मिळतं. भाडं फेब्रुवारीत दिलं, म्हणून कर फेब्रुवारीच्याच रिटर्नमध्ये. भाडं थकवलं असतं तरी खाली सांगितलेलं बिल आपण ज्या तारखेला बनवतो, त्या तारखेला कर देय झालाच असता.

ट्रान्सपोर्टवाला नोंदणीकृत नसल्यामुळे बिल आपणच आपल्या नावाने बनवायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. मी ते बिल्टी आली त्याच दिवशी बनवून बिल्टीला टाचतो. हा कागद नसेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट टिकत नाही.

मालाच्या १४,४०० ला वेगळी राखण लागते. नोंद आपण आज केली तरी क्रेडिट डीलरने त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवल्यावरच घेता येतं. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला 2B, म्हणजे डीलरांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचा उतारा निघतो, त्यात बिलाचा नंबर आणि रक्कम मी ताडून बघतो. बिल दिसत नसेल तर ती रक्कम त्या महिन्याच्या 3B मध्ये धरत नाही आणि डीलरला फोन लावतो. उधारीलाही मर्यादा आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत डीलरचे पैसे, करासह, गेले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, व्याज मात्र गेलं ते गेलं. म्हणून डीलरच्या खात्यावर उधारीची मुदत टाकून थकबाकीची यादी मी दर महिन्याला काढतो.

३१ मार्चला स्टॉक मोजला तेव्हा या लॉटमधले ६० पाइप शिल्लक होते. यादीत ते ४०० च्या दराने २४,००० ला लिहिलेले. पण माल दुकानात आणायचा खर्च हा मालाच्याच किमतीचा भाग. ४,००० भागिले २००, म्हणजे नगामागे २० रुपये. परत मिळणारा कर, मालावरचा आणि भाड्यावरचाही, किमतीत धरायचा नाही. तेव्हा दर ४२० आणि शिल्लक २५,२००. भाडं किरकोळ खर्चात पडलं असतं तर हे १,२०० स्टॉकमध्ये आलेच नसते, आणि त्या वर्षाचा नफा तेवढाच कमी दिसला असता. काकांनी यादीवरचा आकडा स्वतः खोडून नवा लिहिला. यंदा ऑर्डर देताना ते विक्रीचा दरही ४२० धरूनच काढतात.