दत्तक मुलीचा जन्मदाखला: नोंद जुनीच, नावं आमची

आमची मुलगी संस्थेतून दत्तक आली. तिचा जन्म दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात झाला होता. जन्मदात्या आईने तिला रीतसर बाल कल्याण समितीकडे सोपवलं, पण त्याआधीच रुग्णालयाने तिच्या जन्माची नोंद केलेली होती. दाखल्याच्या कामात सगळ्यात आधी हेच विचारून घ्यायला हवं, की बाळाच्या जन्माची नोंद कुठे झालेली आहे का? सापडलेल्या बाळाची नोंद बहुतेक वेळा झालेलीच नसते. तेव्हा दत्तक आदेशावरून नवी नोंद होते आणि त्यासाठी दत्तक बालकाच्या जन्म अहवालाचा वेगळा नमुना, 1अ, भरतात. आमच्याकडे नोंद होती. त्यामुळे नवी नोंद करायचीच नव्हती, आहे त्या नोंदीत आई-वडिलांची नावं बदलायची होती.

हे काम आपल्या गावच्या नगरपालिकेत होत नाही. जिथे मूळ नोंद आहे, तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडेच जावं लागतं. आम्हाला ओळखीच्या एकांनी सुचवलं होतं, "तुमच्याच शहरात उशिराची नोंद करून टाका, कशाला लांब जाता?" संस्थेतल्या ताईंनी ठाम नकार दिला. एका मुलीच्या दोन नोंदी झाल्या की जन्मस्थळ दोन, नोंदणी क्रमांक दोन, आणि पुढे पासपोर्टच्या वेळी कुठली खरी हे तिने सिद्ध करत बसायचं. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं.

दाखल्याचं सगळं काम दत्तक आदेशावर उभं असतं. सप्टेंबर 2022 पासून बाल न्याय कायद्यातल्या दुरुस्तीमुळे हा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे. आमचा आदेश त्यांच्याच सहीचा होता. आदेशाच्या अर्जाचा मसुदा संस्थेने दाखवला तेव्हाच आम्ही तीन गोष्टी तपासल्या होत्या. मुलीचं संस्थेतलं नाव आणि आम्ही ठेवलेलं नाव दोन्ही त्यात असावीत, जन्मतारीख मूळ नोंदीशी जुळावी, आणि आम्हा दोघांची नावं आधार कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणेच असावीत. आदेशात नवं नाव नसेल तर निबंधक ते दाखल्यावर कशाच्या आधारावर घालणार? मग आदेशाचीच दुरुस्ती मागायला परत जावं लागतं.

अर्ज संस्थेच्या पत्रासह गेला. दत्तक नियमावलीनुसार तो संस्थाही देऊ शकते, पालकही. आमच्या बाबतीत संस्थेने दिला याचं मला फार बरं वाटलं, कारण मूळ दाखल्यावर जन्मदात्या आईचं नाव होतं. ते नाव तिने गोपनीय ठेवायला सांगितलं होतं आणि तो तिचा हक्क आहे. ताईंनी जुना नोंदणी क्रमांक आणि दाखल्याची प्रत बंद पाकिटात थेट निबंधकांच्या हातात दिली. आम्ही दिलं ते एवढंच: आदेशाची प्रमाणित प्रत, आमची ओळखपत्रं आणि पत्त्याचा पुरावा.

खिडकीवरच्या कारकुनांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, कोर्टाची ऑर्डर. त्यांच्या हातून आजवर गेलेल्या प्रकरणांना न्यायालयाचा शिक्का होता. दुसरं, नोंदणीकृत दत्तकपत्र. नात्यातलं मूल हिंदू दत्तक कायद्याखाली घेतात तेव्हा दत्तकपत्राची नोंदणी करतात, तेच त्यांच्या डोक्यात होतं. ते काही अडवायला बसले नव्हते, त्यांच्या यादीत तसंच लिहिलेलं होतं. ताईंनी नियमावलीची छापील प्रत पुढे ठेवली. संस्थेमार्फतच्या दत्तकात दत्तकपत्राची नोंदणी सक्तीची नाही, आदेश पुरेसा आहे, आणि अर्ज मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत दाखला द्यायचा आहे, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. कारकुनांनी ते निबंधकांना दाखवलं आणि अर्ज दाखल झाला. आम्ही तारीख-शिक्क्याची पोच घेतली. पाच दिवस कधीपासून मोजायचे ते त्या पोचेवरूनच ठरतं, म्हणून ती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

निबंधक बाईंनी एक गोष्ट नीट समजावली. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा. नोंदवहीतली मूळ नोंद खोडायची नाही हे तत्त्व त्यातलंच आहे. दुरुस्ती समासात, तारीख घालून, सहीनिशी लिहितात. आमच्या मुलीच्या बाबतीतही दत्तक आदेशाचा क्रमांक आणि नवी नावं तशीच चढली. मूळ नोंद कार्यालयात राहते, पण दाखला निघतो तो बदललेल्या नावांचा. हे ऐकून मला आधी धास्ती वाटली, मग दिलासा. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर तिला स्वतःच्या मुळांचा शोध घ्यायचा असेल, तर तशी सोय नियमावलीत आहे. मूळ नोंद पुसून टाकली असती, तर त्या शोधाचा एक धागाच तुटला असता.

दाखला छापण्याआधी बाईंनी मसुदा तपासायला दिला, आणि इथेच आमचं लक्ष असणं कामी आलं. मुलीचं नाव बरोबर. आईच्या नावापुढे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावापुढे यांचं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी मी अक्षर अक्षर लावून वाचल्या. खाली 'बाळाच्या जन्माच्या वेळचा आई-वडिलांचा पत्ता' असा रकाना असतो. तिथे भलत्याच गावाचा पत्ता होता! नावं बदलली गेली होती, पत्ता जुन्याच नोंदीतून जसाच्या तसा आला होता. म्हणजे जिचं नाव जपण्यासाठी एवढी खबरदारी घेतली, तिचं गाव दाखल्यावर उघड छापलं जाणार होतं, आणि तो दाखला उद्या शाळेत, पासपोर्ट कार्यालयात, कुठेही दिला जाणार. मी तो रकाना बाईंना दाखवला. त्यांनी लगेच तिथे आणि कायमच्या पत्त्याच्या रकान्यातही आमचा पत्ता भरायला सांगितला. शेऱ्याचा रकानाही पाहिला, तो कोरा होता. तिथे 'दत्तक' किंवा आदेशाचा क्रमांक छापला गेला असता तरी मी दाखला घेतला नसता. ती माहिती नोंदवहीच्या समासात असावी, मुलीच्या कागदावर नाही.

जन्मतारीख, जन्मस्थळ, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख मात्र जुनीच राहिली. नोंद तीच असल्यामुळे ते बरोबर आहे. फक्त दाखला दिल्याची तारीख नवी असते.

जुन्या दाखल्याची संस्थेकडे असलेली प्रत ताईंनी तिथेच जमा केली. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच एक दाखला लागतो, आणि आमची लेक त्यानंतरचीच. म्हणून आम्ही नव्या दाखल्याच्या काही जास्तीच्या प्रमाणित प्रती तेव्हाच मागून घेतल्या. संस्थेत असताना तिचं आधार जुन्या नावाने निघालं होतं. नवं काढलं नाही, त्याच क्रमांकावर नव्या दाखल्याने नाव आणि पालक बदलून घेतले. शाळेच्या अर्जाला हात लावला तो त्यानंतरच.