पुणे ते हावडा, दोन दिव्यांवर

नागपूर येता येता जाग आली. फोन ९ टक्के. रात्री बर्थशेजारच्या सॉकेटात चार्जर खोचून बिनघोर झोपलो होतो, पण सॉकेट सैल होतं. पिन आत बसलेली, करंट मात्र शून्य. चार्जिंगची खूण बघून झोपावं एवढी साधी अक्कल नव्हती. त्यात मोबाइल डेटा रात्रभर चालू. गाडी पळत असली की फोन सारखा टॉवर बदलतो, आणि रेंज क्षीण असली की जास्त जोर लावतो. न वापरताही बॅटरी उतरते ती अशी.

पॉवर बँकेचे चारपैकी दोन दिवे लागले. तिच्यावर १०,००० लिहिलंय, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. ५ व्होल्ट करून बाहेर देताना साडेसहा हजारांच्या आसपासच हाती लागतात. अर्ध्या बँकेत माझा फोन फार तर साठ-पासष्ट टक्के भरेल. हावड्याला पोचणार उद्या पहाटे, आणि ताईचा नंबर मला पाठ नाही! आधी तो कागदावर उतरवून पाकिटात ठेवला.

मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून केबल जोडली. गोंदियानंतर दरेकसाचं जंगल आणि बोगदा, तिथे रेंज तशीही नसते. ४० टक्के होताच केबल काढली. बँकेत एक दिवा उरला, तो रात्रीसाठी. वेळ जाईना. गाडी कुठे आहे हे अधूनमधून आधी उतरवून घेतलेल्या नकाशावर बघायचो. जीपीएसला रेंज लागत नाही.

समोरच्या काकू रायपूरला उतरणार होत्या. त्यांचा बटणांचा फोन बंद पडलेला, मुलगा स्टेशनवर येणार. "दादा, पाच मिनिटं लावू का तुझ्या त्या डब्याला?" माझी टाइप-सी त्यांच्या फोनला बसेना. मग आठवलं, बँक भरायची जुनी मायक्रो यूएसबी केबल पिशवीत आहे. ती चपखल बसली. एवढ्याशा बॅटरीला लागतं किती! पंधरा मिनिटांत बोलण्यापुरता जीव आला. मुलाला सांगून झालं, तरी म्हटलं राहू द्या जोडलेला. रायपूरला गडबड उडाली. काकूंनी शंकरपाळ्यांचा पुडा माझ्या हातात कोंबला आणि फोन उचलून उतरल्या, केबलसकट.

रात्री टाटानगरनंतर शेवटचा दिवा फोनमध्ये ओतला.

खरगपूरला एअरप्लेन मोड काढला. ५२ टक्के. पहिल्याच रिंगला ताईने उचलला.

"किती वेळ अजून?"

"दोनेक तास. आणि ऐक, घरात मायक्रो यूएसबीची केबल आहे का गं एखादी?"

"रात्री दोन वाजता तुला केबल सुचतेय?"