ज्ञानेश्वरीचं नाव फॉर्ममध्ये मावेना

«सगळ्या टेस्ट केसेस पास झाल्यावरही तुम्हाला बग सापडतो. नेमकं कुठे बघता?»

मी बघते माझ्या वहीत. बावधनच्या एका प्रोजेक्टवर मराठी एसएमएसचं बिल अंदाजापेक्षा बरंच जास्त आलं. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०च. म्हणून आमचा एक मेसेज तुटून तीन होत होता. तेव्हा वहीत एक ओळ लिहिली: «मर्यादा कोण मोजतंय, आणि कशात?» वहीत अशा चौदा ओळी आहेत. प्रत्येकीमागे कुठली तरी फजिती आहे.

पुढे एका नोंदणी फॉर्मची टेस्टिंग आली. नावाला मर्यादा ३०. केसेसमध्ये २९, ३० आणि ३१ वेळा a टाकून झालं होतं, सगळं हिरवं. ही ओळ वाचली आणि शंका आली, की स्क्रीन अक्षरं मोजते, पण खालचा ओरॅकल डेटाबेस बाइट मोजत असेल तर? मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे दहा चिन्हं बसतील, अकरावं अडेल.

हे भाकीत आधी लिहून ठेवते. नाहीतर काहीबाही टाइप करत बसायचं आणि त्यालाच अंदाज म्हणायचं.

«ज्ञानेश्वर» टाकलं. डोळ्याला अक्षरं चार, पण चिन्हं दहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. सेव्ह झालं. मग «ज्ञानेश्वरी». डोळ्याला अजूनही चारच, फक्त एक वेलांटी वाढली. स्क्रीनवर «काहीतरी चुकलं» आलं, आणि लॉगच्या ओळीच्या शेवटी हे:

```
ORA-12899: value too large for column ... (actual: 33, maximum: 30)
```

अकरा चिन्हांचं नाव सेव्ह झालं असतं, तर शंका तिथेच सोडली असती. माझ्या निम्म्याहून जास्त शंका अशाच फुसक्या निघतात. शिवाय या पद्धतीने किती भाग तपासून झाला हे सांगता येत नाही, म्हणून स्क्रिप्टेड केसेस मी कधीच काढून टाकत नाही. ज्ञानेश्वरी आता त्यांच्यातच आहे.

डेव्हलपर म्हणाला, «ताई, दोन मिनिटांचं काम आहे,» आणि सगळ्या कॉलमना `CHAR` लावलं, म्हणजे मोजणी बाइटऐवजी चिन्हांची: नावाला `VARCHAR2(30 CHAR)`, शेऱ्याला `VARCHAR2(2000 CHAR)`. मी तीच ओळ पुन्हा वाचली. ओरॅकलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये `VARCHAR2` ला ४००० बाइटचं छत असतं, `CHAR` लिहिलं तरी. शेऱ्यात मराठीची १३३३ चिन्हं गेली. १३३४ टाकल्यावर त्याला परत हाक मारली.