आवर्तसारणीचा झब्बू

अमळनेर तालुक्यातील आमच्या शाळेत दहावीला आवर्तसारणी शिकवताना मी पत्त्यांचा एक खेळ तयार केला. खान्देशात आखाजीला गावोगाव डाव बसत असल्यामुळे झब्बू बहुतेक मुलांना येतोच. शाळेत पत्ते कशाला, ही पालकांची कुरकुर मात्र गृहीत धरावी लागते. झब्बूतील चार रंगांच्या जागी मी 1, 2, 17 आणि 18 हे चार गण घेतले. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या पत्त्यांवर फक्त संज्ञा आणि इलेक्ट्रॉन संरूपण लिहिले. गणांना रंग दिले असते, तर मुलांनी रंगच लक्षात ठेवले असते. शिवाय हेलियमचे संरूपण नुसते 2 असल्यामुळे तो दुसऱ्या गणात खपवण्याचा मोह होतो, आणि तो व्हावा हीच माझी इच्छा होती.

हुकमत ठरते अभिक्रियाशीलतेवर. पहिल्या दोन गणांत खालचा पत्ता भारी, कारण बाह्यतम इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर गेल्याने तो सहज सुटतो. हॅलोजनांना इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा असल्यामुळे तिथे फ्लुओरीन सर्वांत भारी आणि आयोडीन हलका. अठराव्या गणात अभिक्रियाच जवळजवळ नाही, म्हणून त्या गणाच्या उतारीत कोणीही पत्ते उचलत नाही. पण मग प्रत्येक जण आधी तीच उतारी करू लागला, तेव्हा हातात इतर कोणत्याही गणाचा पत्ता असेपर्यंत अठराव्याची उतारी करायची नाही, असा नियम घालावा लागला.

गुणधर्म येतात ते झब्बू देताना. उतारीच्या गणाचा पत्ता नसलेल्याने त्या गणातील प्रत्येक मूलद्रव्याला लागू पडणारा एक गुणधर्म सांगायचा, आणि इतरांनी अपवाद शोधायचा. एका डावात सोडिअमची उतारी झाली, त्यावर पोटॅशिअम पडला, आणि तिसऱ्या मुलाने ‘हे धातू पाण्यावर तरंगतात’ असे म्हणत क्लोरीनचा झब्बू दिला. लिथिअम, सोडिअम आणि पोटॅशिअम खरोखर तरंगतात, पण रुबिडिअमची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असल्याने तो बुडतो. चौथीने ते सांगताच, एरवी पोटॅशिअमवाल्याने उचलायचे पत्ते झब्बू देणाऱ्याच्या गळ्यात पडले. ‘एक इलेक्ट्रॉन देऊन धन आयन होतो’ असे तो म्हणाला असता, तर झब्बू लागू झाला असता. दुसऱ्या गणात ‘थंड पाण्याशी जोमाने अभिक्रिया होते’ हे विधान असेच बेरिलिअम आणि मॅग्नेशिअमपाशी अडते.

अ‍ॅस्टेटाइन, रेडॉन आणि प्रत्येक गणातील सातव्या आवर्ताची मूलद्रव्ये वगळल्यावर 19 पत्ते उरले, आणि ते चौघांत सारखे वाटता येईनात. विसावा पत्ता हायड्रोजनचा केला. तो पहिल्या किंवा सतराव्या गणात, सर्वांत हलका म्हणून, खेळता येतो. मात्र बाह्यतम कवचात एक इलेक्ट्रॉन आहे म्हणून, की कवच भरायला एक कमी आहे म्हणून, हे टाकतानाच सांगावे लागते.