इम्पेअरमेंट टेस्टमध्ये कर दोनदा कापला गेला होता

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे हिशेब मी बघतो. यंदा कंपनीच्या एका कास्टिंग लाइनची मागणी घटली, म्हणून इंड एएस 36 या लेखा मानकाखाली इम्पेअरमेंट टेस्ट, म्हणजे मालमत्तेची पुस्तकी किंमत तिच्यातून खरंच वसूल होईल का याची तपासणी, करावी लागली. लाइनची पुस्तकी किंमत 950 लाख होती. बाहेरच्या सल्लागाराने पाठवलेल्या शीटमध्ये वापरमूल्य, म्हणजे व्हॅल्यू इन यूज, लाइन वापरून पुढे मिळणाऱ्या रोख रकमेचं आजचं मूल्य, 835 लाख आलं होतं. 115 लाखांचा तोटा नफा-तोटा पत्रकात जाणार, हे ऐकून एमडींचा फोन आलाच. (खालचे आकडे गोल केलेत, कराचा दर 25 टक्के धरलाय. आमचा खरा दर 25.168 आहे: 22 टक्के, त्यावर 10 टक्के सरचार्ज आणि 4 टक्के सेस.)

शीट तशी साधीच होती. पाच वर्षं, दरवर्षी 300 लाख करपूर्व रोख, शेवटी भंगार शून्य. त्याखाली एक ओळ होती, 'इन्कम टॅक्स', 45 लाख. उरले 255. डिस्काउंट रेट 16 टक्के, आणि त्याच्यासमोर टीप: 'प्री-टॅक्स, इंड एएस 36 प्रमाणे'.

```
=PV(16%,5,-255)
```

उत्तर 834.9. सूत्रात काहीच चुकलेलं नाही, पण या दोन गोष्टी एका सूत्रात बसायला नकोत. 255 मधून कर आधीच वजा झालाय. 16 टक्के हा दर मुळात 12 टक्के करोत्तर दराला 0.75 ने भागून आलाय, म्हणजे कर भरता यावा म्हणून तो फुगवलेला आहे. एकच कर वर रकमेतून गेला आणि खाली दरातूनही गेला.

मग पहिला प्रश्न, 12 टक्के हा दर करोत्तरच आहे हे कशावरून? मी सल्लागाराची डब्ल्यूएसीसीची, म्हणजे कर्ज आणि भागभांडवल यांच्या सरासरी खर्चाची, गणना उघडली. कर्जाच्या व्याजदराला (1 − t) ने गुणलेलं होतं, t म्हणजे कराचा दर; तिथेच अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं भागभांडवलाच्या खर्चात असतं आणि तिथेच बरेच जण फसतात, कारण तो खर्च ज्यातून काढतात त्या सीएपीएमच्या सूत्रात t कुठे दिसतच नाही. पण निफ्टीच्या परताव्यावरून काढलेला जोखमीचा प्रीमियम हा कंपन्यांनी आपला कर भरल्यानंतर भागधारकाच्या हातात येणारा परतावा असतो. म्हणून सीएपीएमचा दर कंपनी करापुरता करोत्तरच असतो, t लिहिलेला असो वा नसो. भागधारक स्वतः किती कर भरतो, याचा इथे संबंध नाही.

सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, स्टँडर्डमध्येच प्री-टॅक्स रेट लिहिलाय ना." लिहिलाय, परिच्छेद 55 मध्ये. पण परिच्छेद 50 असंही सांगतो की रोख प्रवाहात आयकराची ये-जा धरायची नाही. दोन्ही मिळून एकच नियम आहे, त्यातला अर्धाच उचलून चालत नाही. "मग दर 12 करतो," म्हणून त्याने संध्याकाळपर्यंत नवी शीट पाठवली. उत्तर 919 लाख. तोटा 115 वरून 31 वर आला आणि एमडी खूश झाले. मी मात्र नव्हतो.

कारण करोत्तर प्रवाह आणि करोत्तर दर अशी जोडी लावली तरी आणखी एक प्रश्न उरतो: कर कुठल्या पायावर काढलाय? 45 लाखांचा कर असा आला होता: 300 मधून आयकराचा घसारा 120 वजा करून उरलेल्या 180 वर 25 टक्के. 120 म्हणजे आयकराच्या पुस्तकातले 600 लाख पाच वर्षांत सारखे वाटले. (प्रत्यक्षात यंत्रांवर 15 टक्के डब्ल्यूडीव्हीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, घसारा मिळतो. समजायला सोपं जावं म्हणून इथे समान हप्ते धरलेत.) पण आपल्या पुस्तकात किंमत 950 आहे. आयकरात आम्ही आधीच जास्त घसारा घेऊन बसलोय आणि त्या 350 लाखांच्या फरकावर 87.5 लाखांचं डिफर्ड टॅक्स देणं, म्हणजे पुढे भरावा लागणारा कर, ताळेबंदात वेगळं उभं आहे. तोच पुढचा जादा कर परत लाइनच्या किमतीतून कापला, तर तो पुन्हा दोनदा मोजला जातो. पहिल्या वेळी दरात लपला होता, आता घसाऱ्यात.

म्हणून आयकराचा पाया वापरमूल्याइतकाच आहे असं मानून गणित मांडायचं. V हे मूल्य धरलं तर वर्षाचा घसारा V/5, त्याची करबचत 0.05V. 12 टक्क्यांनी पाच वर्षांचा गुणक 3.6048.

```
V = 3.6048 × (225 + 0.05 V)
```

225 म्हणजे 300 चे 75 टक्के. V दोन्ही बाजूंना असल्यामुळे एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करतं. गोल सीक लावा किंवा कागदावर सोडवा, उत्तर 989 लाख येतं. पुस्तकी 950 पेक्षा जास्त, म्हणजे इम्पेअरमेंट नाहीच.

आता स्टँडर्डच्या भाषेत सांगायचं तर करपूर्व दर हवा. तो भागाकाराने काढायचा नाही, या उत्तरातून उलटा काढायचा:

```
=RATE(5,300,-989.4)
```

15.7 टक्के. सल्लागाराचा 16 आणि हा 15.7, फरक थोडासा वाटतो, कारण इथे आयुष्य पाचच वर्षांचं आहे आणि घसारा समान आहे. 300 लाख सरळ 16 टक्क्यांनी वटवले असते तर 982 आलं असतं, तेही चाललं असतं. पण कराची बचत लवकर किंवा उशिरा मिळत असेल, किंवा प्रवाह वर्षागणिक वाढत असतील, तर भागाकाराचा दर चांगलाच ढळतो. तो चालेल की नाही हे उलटं काढून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा उलटं काढलंच तर भागाकाराची गरज उरत नाही.

ऑडिटर मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांचं म्हणणं, "आधीचा आकडा कन्झर्व्हेटिव्ह होता, तो काढून तुम्ही तोटाच गायब केलात." रास्त शंका आहे, आणि ही विसंगती वर्षानुवर्षं टिकते ती याच शब्दामुळे. मूल्य कमी दाखवणाऱ्या चुकीला कुणी हटकत नाही. उलटी जोडी लावली असती, 300 लाख करपूर्व आणि दर 12 टक्के, तर 1081 आलं असतं आणि त्यांनी पहिल्याच पानावर लाल खूण केली असती. मी चारही उत्तरं एका पानावर मांडली: 835, 919, 989 आणि 1081. प्रत्येकासमोर कर कुठे कुठे मोजलाय ते लिहिलं. 989 च्या ओळीत तो एकदाच येतो, हे त्यांनी स्वतः तपासलं. आंतरराष्ट्रीय लेखा मानकं ठरवणाऱ्या आयएएसबीने मार्च 2024 च्या मसुद्यात करपूर्व दराची सक्ती काढून टाकायचा प्रस्ताव मांडलाय, तेही सांगितलं. पण आमच्यासाठी आजचा इंड एएस 36 लागू आहे, त्यामुळे फाइलला 15.7 हाच दर लावला आणि 12 वरून तो कसा आला ते खाली जोडलं.

त्यानंतर चर्चा कराकडून बीटाकडे, म्हणजे बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो त्या आकड्याकडे वळली, कारण करोत्तर दर त्यावरही ठरतो. करोत्तर दर 13 केला तर मूल्य 960, आणि 14 केला तर 932.5, म्हणजे साधारण साडेसतरा लाखांचा तोटा. सव्वातेरा आणि साडेतेराच्या मध्ये कुठेतरी लाइन 950 च्या खाली जाते. मॅडमनी बीटासाठी निवडलेल्या कंपन्यांची यादी मागितली. त्यातल्या दोन वाहन कंपन्या का घेतल्या आहेत, याचं उत्तर सल्लागार सध्या लिहितोय.