आमची वाटचाल: ‘नाही’ची वही

सलग तीन वर्षं आमच्या मेडिकलचा वार्षिक विक्रीचा आकडा जागचा हलला नव्हता. पहिल्या वर्षी वाटलं, ठीक आहे, निदान घटलेला तरी नाही. पण या तीन वर्षांत औषधांच्या किमती वाढल्याच होत्या. म्हणजे आकडा तोच असला तरी काउंटरवरून जाणारी पाकिटं कमी झाली होती. हे कळायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

तेव्हा आम्ही सगळे एका दुपारी शटर अर्धं ओढून स्वॉट करायला बसलो. मी, माझा धाकटा भाऊ, फार्मासिस्ट मॅडम आणि काउंटरवरचे काका. कागदावर चार चौकोन आखले: जमेच्या बाजू, उणिवा, संधी, धोके. तासाभरात कागद भरला. जमेच्या बाजूला ‘ग्राहकांचा विश्वास’ आणि ‘जुनं नाव’, उणिवांत ‘जागा कमी’, संधीत ‘घरपोच सेवा’, धोक्यांत ‘ऑनलाइन औषधं’ आणि ‘मोठी साखळी दुकानं’. आम्ही खूश.

संध्याकाळी बहीण आली. ती हिशेबाच्या कामातली. कागद वाचून म्हणाली, “दादा, वरचं दुकानाचं नाव खोडलं तर हा कागद कुठल्याही मेडिकलला चालेल. आणि घरपोच सेवा ही संधी कशी? ते तर तू करायचं काम आहे.”

मग तिने एक साधी कसोटी सांगितली. उद्या आपलं दुकान बंद झालं तरी जी गोष्ट शिल्लक राहील ती बाहेरची, म्हणजे संधी किंवा धोका. दुकानाबरोबर जी संपेल ती आतली, म्हणजे जमेची बाजू किंवा उणीव. मागच्या रस्त्यावर नवा दवाखाना सुरू झाला होता, तो आम्ही असलो-नसलो तरी राहणार. तो संधीत गेला. घरपोच सेवा कुठल्याच चौकोनात बसेना, म्हणून बाजूला ठेवली. दुसरी अट जास्त जाचक होती. आपल्याच दुकानात मोजलेला आकडा ज्या ओळीमागे नसेल ती ओळ कागदावर राहणार नाही. या अटीने निम्मा कागद कोरा झाला.

म्हणून आम्ही तीन आठवडे नुसतं मोजलं. गल्ल्याशेजारी दोरीने पेन बांधलेली एक वही ठेवली. काउंटरवर ‘नाही’ म्हटलं की तीन गोष्टी लिहायच्या: कोणतं औषध, चिठ्ठीवर एकूण किती औषधं होती, आणि माणूस बाकीची घेऊन गेला की चिठ्ठी परत घेऊन गेला. काका सुरुवातीला कुरकुरले. “आधीच गर्दी, त्यात हे लेखनकाम.” पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी अर्धवट निघाल्या, म्हणून ते दिवस धरलेच नाहीत. पुढचे १८ दिवस धरले.

त्या दिवसांत १,१४० चिठ्ठ्या आल्या. १७१ चिठ्ठ्यांवरचं किमान एक औषध आमच्याकडे नव्हतं. म्हणजे १५ टक्के. मला वाटायचं, एखादं औषध नसलं तर तेवढ्या एकाचंच नुकसान. वहीत वेगळंच दिसलं. या १७१ पैकी १०७ जण सगळी चिठ्ठी परत घेऊन गेले. साहजिकच आहे. एका गोळीसाठी दुसऱ्या दुकानात जायचंच असेल तर सगळंच तिथे का घेऊ नये? त्या १०७ चिठ्ठ्यांवर मिळून साधारण ४३० औषधं होती आणि त्यातली सुमारे ३०० आमच्या फडताळात होती. असलेली औषधं आम्ही नसलेल्यांपायी घालवत होतो.

वहीत एकूण १९८ ‘नाही’ होते. त्यांची विभागणी केली तेव्हा मला खाली बघावं लागलं. ५२ औषधं आम्ही कधीच ठेवत नव्हतो. २५ वेळा औषध होतं, पण हव्या त्या ताकदीचं नव्हतं. उरलेल्या १२१ वेळा ते आमचं नेहमीचंच औषध होतं, फक्त संपलेलं. त्याला ऑनलाइनवाले जबाबदार नव्हते आणि साखळी दुकानही नव्हतं. ऑर्डर मी आठवणीतून देत होतो. फडताळात भोक दिसलं की फोन.

मग याच वेळी पैसा कुठे अडकला होता? बिलिंगच्या संगणकावरून चार महिन्यांत एकदाही न विकलेल्या मालाची यादी काढली. खरेदीच्या २२ टक्के रक्कम त्यात बसली होती. बहुतेक प्रथिनांचे डबे, क्रीम, आणि योजनेच्या मोहात जास्त उचललेली खोकल्याची औषधं. काही बाटल्यांची मुदत जेमतेम पाच महिने उरली होती. या दोन नोंदी आम्ही उणिवांत शेजारीशेजारी लिहिल्या, कारण दोन्हींचं मूळ एकच होतं.

‘ग्राहकांचा विश्वास’ या ओळीलाही आकडा हवा होता. दीर्घकाळची औषधं, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड वगैरेंची, घेणारी ४१२ नावं आमच्या नोंदीत होती. त्यातली गेल्या सहा महिन्यांत दर महिन्याला आलेली माणसं १८९ निघाली. बाकीच्यांत काहींच्या दोन खरेदींत ३८-४० दिवसांचं अंतर होतं आणि गोळ्या नेल्या होत्या ३० दिवसांच्या. ती दुसरीकडून घेतात की मधले दिवस गोळीच घेत नाहीत, हे बिलावरून सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं होतं की विकसित देशांतही दीर्घकाळचे उपचार नीट पाळणारे सरासरी ५० टक्केच असतात. तेव्हा दुसरी शक्यताही कमी नव्हती. विश्वासाची ओळ आम्ही अशी बदलली: ‘१८९ माणसं दर महिन्याला येतात आणि मॅडम त्यांना नावाने ओळखतात.’ एवढं खरं होतं.

चार चौकोन भरले की काम झालं, असं मानणं ही आमची आधीची चूक होती. या वेळी आम्ही आतली प्रत्येक ओळ बाहेरच्या प्रत्येक ओळीशेजारी ठेवून विचारलं: हे दोन्ही एकत्र खरं असेल तर काय करायचं? अकरा कामं निघाली. तीनच ठेवायची, असं आधीच ठरलं होतं.

गळालेल्यांत भावाचं लाडकं काम होतं, सरसकट १० टक्के सवलत. तो अडून बसला तेव्हा बहिणीने पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. शंभराच्या विक्रीत २० सुटत असतील आणि त्यातले १० सोडले, तर तितकेच पैसे सुटायला दुप्पट माल विकावा लागेल. तो कागद भावाने खिशात घातला आणि विषय संपला. घरपोच सेवाही गळाली. जे दुकानात नाही ते घरी काय पोचवणार?

पहिलं काम, नेहमीच्या ६० औषधांना ऑर्डरची पातळी ठरवणं. जबाबदारी माझी. उदाहरणार्थ, रक्तदाबाच्या एका गोळीची रोज सरासरी ४ पाकिटं जातात आणि माल दोन दिवसांत येतो. आठ उरली की ऑर्डर द्यावी, असं वाटतं. पण गर्दीच्या दिवशी ७ जातात आणि पुरवठा कधीकधी तिसऱ्या दिवशी येतो. म्हणून पातळी सात त्रिक २१ धरली. फडताळात २१ व्या पाकिटावर लाल रबर लावलं. रबर हातात आलं की नाव त्याच दिवशी ऑर्डरच्या यादीत. पैसा उभा केला पडून राहिलेल्या मालातून: मुदत बाकी होती तोवर पुरवठादाराने जे परत घेतलं ते दिलं आणि प्रथिनांच्या डब्यांचं कपाट निम्म्यावर आणलं. लक्ष्य असं की नव्वद दिवसांत अपुऱ्या चिठ्ठ्या १५ वरून ६ टक्क्यांवर.

दुसरं काम मॅडमचं. दर महिन्याला येणाऱ्यांतली ४० माणसं निवडून, त्यांची संमती घेऊन, त्यांची सगळी औषधं एका तारखेला आणायची. एकाच माणसाची एक गोळी ५ तारखेला संपते, दुसरी १७ ला, तिसरी २४ ला. एकदा मधल्या दिवसांपुरत्या सुट्या गोळ्या दिल्या की सगळ्यांची तारीख जुळते. त्या तारखेच्या पाच दिवस आधी फोन.

तिसरं काम, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मॅडमनी बिलिंगला बसायचं नाही. नव्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या याच वेळात यायच्या आणि औषध समजावून सांगणारा एकमेव माणूस यंत्राशी झटत असायचा. त्या वेळी बिलिंग भावाने करायचं.

प्रत्येक कामापुढे एक नाव, एक तारीख, एक आकडा आणि एक ओळ: ‘काय दिसलं तर हे थांबवायचं’. त्या चौथ्या ओळीचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला.

दुसऱ्या कामात पहिल्याच महिन्यात मोठा घोळ होता होता वाचला. वेळ वाचावा म्हणून आम्ही फोनच्या आधीच पिशव्या भरून ठेवत होतो. एक आजोबा पिशवी घ्यायला आले. मॅडमनी सहज विचारलं, “सगळं तसंच चालू आहे ना?” ते म्हणाले, “नाही, डॉक्टरांनी साखरेची गोळी निम्मी केली.” पिशवीत जुनी मात्रा होती. मात्रा चुकण्याची वेळ आली तर थांबायचं, असं आम्हीच लिहिलं होतं. आठवडाभर थांबलो. मग क्रम बदलला: आधी फोन, त्यात डॉक्टरांकडे गेला होतात का, काही बदललं का, मधे दवाखान्यात भरती होतात का, हे तीन प्रश्न. नंतर चालू चिठ्ठी बघायची आणि मगच पिशवी भरायची. मुदत संपलेल्या चिठ्ठीवर पिशवी नाही.

नव्वद दिवसांनी वही पुन्हा तशीच १८ दिवस चालवली. अपुऱ्या चिठ्ठ्या ७ टक्क्यांवर आल्या, ६ वर नाही. उरलेल्यांत आता मुख्यतः आम्ही न ठेवणारी औषधं होती, त्यातली नव्या दवाखान्यातून वारंवार येणारी नऊ नावं यादीत घेतली. ४० पैकी ३१ जण तिन्ही महिने वेळेवर आले. चौघांना फोन नको होता, त्यांची नावं काढली. तिसरं काम अर्धंच जमलं. भाऊ बिलिंगला बसला की ऑर्डरचे फोन त्यालाच येतात आणि तो उठतो, मग मॅडम पुन्हा यंत्रापाशी. त्या दोन तासांत दुकानाचा फोन आता काकांकडे असतो. त्याने फरक पडतो का, ते पुढच्या मोजणीत कळेल.

वही अजून गल्ल्याशेजारीच आहे. दोरी बदलली, पहिली तुटली. काल काकांनी त्यात लिहिलं: ‘डोळ्याचे थेंब, चिठ्ठीवर १ च औषध, म्हणाले थांबतो, उद्या संध्याकाळी येतो.’